बँक टॅली झाली, पण...

गेल्या काही वर्षांत ज्या ज्या कंपनीत अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बघायला गेलो, तिथे एक आकडा हमखास ऐकू येतो. "आमचं ९५ टक्के ऑटो-मॅच होतं." कोणी ९७ सांगतो, कोणी ९९. सांगताना चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद असतो. प्रॉडक्ट विकणाराही हाच आकडा पुढे करतो, आणि विकत घेणारा मॅनेजरही त्यावरच सही करतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा आकडा एकटा काहीही सांगत नाही. किंबहुना जुळवणीचे नियम जितके वाईट, तितका तो चांगला दिसतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे चुकीची जुळणी झाली तरी बँकेचा बॅलन्स पैशापर्यंत टॅली होतो. त्यामुळे चूक कुणाला दिसतच नाही, निदान महिनाअखेरीला तरी नाही. हे कसं होतं ते आज जरा सविस्तर.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कंपनीच्या खात्यावर दिवसभरात जे काही जमा-नावे झालं, त्याची फाईल बँक रोज पाठवते. या फाईलचा जुना आणि अजूनही भरपूर वापरात असलेला प्रकार म्हणजे स्विफ्टचा एमटी ९४०. इकडे कंपनीच्या लेजरमध्ये बिलं उघडी असतात: अमुक पार्टीकडून इतके येणे. फाईलमधली प्रत्येक ओळ कुठल्या बिलाची ते ठरवायचं आणि ते बिल बंद करायचं, एवढंच काम. पूर्वी हे काम अकाउंट्समधले एक काका पट्टी आणि लाल पेन घेऊन करायचे. आता नियम लिहून प्रोग्रॅम करतो.

उदाहरणासाठी लिफ्टच्या देखभालीचा धंदा घेऊ. का, ते पुढे कळेलच. समजा पुण्यातली एक कंपनी शे-दीडशे हाउसिंग सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळते. दर महिन्याचं बिल १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. वर्षाचे १,२०,००० होतात. एका कंत्राटदाराला वर्षभरात लाखाच्या वर पैसे जाणार असतील तर सोसायटीने टीडीएस कापायचा असतो. घेणारी कंपनी असल्यामुळे दर २ टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर कपात फक्त मूळ रकमेवर, म्हणजे २०० रुपये. बँकेत येणार ११,६००.

आता एका दिवसाची फाईल बघा. मुद्दाम छोटी ठेवली आहे.

```
:20:STMT250605
:25:000123456789
:28C:109/1
:60F:C250604INR412350,00
:61:2506050605C11600,00NTRFNONREF//S4471
:86:NEFT CR LIFT AMC MAY BILL 0217
:61:2506050605C11600,00NTRFNONREF//S4478
:86:NEFT CR CO OP HSG SOC LTD
:61:2506050605C34800,00NTRFNONREF//S4502
:86:NEFT CR 3 MONTHS
:61:2506050605RC11600,00NRTI004512//S4519
:86:CHQ RETURN
:62F:C250605INR458750,00
```

`:60F:` म्हणजे सुरुवातीची शिल्लक, `:62F:` म्हणजे शेवटची. `:61:` ही प्रत्येक व्यवहाराची ओळ: तारीख, जमा की नावे, रक्कम (दशांशाच्या जागी स्वल्पविराम), व्यवहाराचा प्रकार आणि संदर्भ. त्याखाली `:86:` मध्ये मोकळा मजकूर, ज्याला आपले अकाउंट्सवाले नॅरेशन म्हणतात. सगळा सस्पेन्स या नॅरेशनमध्येच भरलेला असतो.

जुळवणीच्या आधी एक काम करायचं असतं आणि बरेच जण ते टाळतात. फाईल स्वतःशी तरी जुळते का ते बघणे. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा उणे नावे, बरोबर शेवटची शिल्लक यायला पाहिजे. शिवाय आजची सुरुवात कालच्या शेवटाएवढी हवी आणि `:28C:` मधला स्टेटमेंटचा नंबर कालच्या पुढचा हवा. मधली एक फाईल आलीच नाही किंवा तीच फाईल दोनदा लोड झाली, तर ते इथेच कळतं.

वरच्या फाईलमध्ये एक खड्डा आहे. शेवटच्या व्यवहारात `C` नाही, `RC` आहे. `RC` म्हणजे आधी केलेली जमा उलटवली, चेक परत आला. म्हणजे पैसे गेले. पण ज्याने घाईघाईत पार्सर लिहिला तो त्यातलं `C` बघतो आणि खुशाल जमा धरतो. मग बेरीज येते ४,८१,९५०. बँक म्हणते ४,५८,७५०. फरक २३,२००. जुन्या अकाउंटंट लोकांना विचारा, ते लगेच सांगतील: फरकाला दोनने भाग, जी रक्कम येईल ती एंट्री उलट्या बाजूला पडली असणार. २३,२०० चे अर्धे ११,६००. सापडली! हा ठोकताळा प्रोग्रॅममध्येही घालता येतो: फरक आला तर त्याच्या अर्ध्या रकमेच्या ओळी पुढे काढून दाखवायच्या. काकांचं अर्धं शहाणपण असं फुकटात कोडमध्ये येतं.

आता मुख्य विषय. पहिली ओळ सोपी आहे. नॅरेशनमध्ये बिल नंबर ०२१७ आहे, रक्कम ११,६०० आहे, त्या बिलावर तेवढीच अपेक्षित आहे. दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देतात. बंद करा बिल.

दुसरी ओळ बघा. ११,६०० रुपये, आणि पाठवणाऱ्याचं नाव काय, तर "को-ऑप हाउसिंग सोसायटी लिमिटेड". धन्य! खरं नाव कुठेतरी वाटेत कापलं गेलं. शे-दीडशे सोसायट्यांपैकी कुठली? इथे ठरतं तुमचा प्रोग्रॅम कसा आहे ते.

ज्याला ९९ टक्क्यांची हौस आहे तो नियम लिहितो: रक्कम सारखी, तारीख जवळपास, तर जुळलं. आणि कोड साधारण असा असतो.

```sql
SELECT bill_id FROM open_bills
WHERE expected_paise = :amt
ORDER BY bill_date LIMIT 1;
```

यातलं `LIMIT 1` हे माझ्या मते अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. त्याचा मराठीत अर्थ असा, की सापडतील त्यातलं पहिलं उचल, बाकीचे होते हे कुणाला सांगू नकोस.

आता समजा मे महिन्याची ११,६०० ची नऊ बिलं उघडी आहेत, नऊ वेगवेगळ्या सोसायट्यांची. त्यापैकी आठ सोसायट्यांनी पैसे भरले, एकीने नाही. आठही ओळींच्या नॅरेशनमध्ये काही धड नाही. प्रोग्रॅम पहिली ओळ घेतो, यादीतलं पहिलं बिल बंद करतो. दुसरी ओळ, दुसरं बिल. आठ ओळी, आठ बिलं, जुळणी १०० टक्के. शेवटी एक बिल उरतं.

ही चक्क संगीत खुर्ची झाली. फरक इतकाच, की इथे खुर्ची ज्याला मिळाली नाही त्याने पैसे भरलेले असण्याचीच शक्यता जास्त आहे. पैसे यायचा क्रम आणि यादीचा क्रम यांचा काही संबंध नसेल, तर प्रत्येक ओळ बरोबर बिलावर बसायची शक्यता नवात एक. आठ ओळींची मिळून सरासरी काढली तर ८/९. म्हणजे १०० टक्के जुळणी, आणि सरासरीने एकसुद्धा धड बरोबर नाही!

आणि तरीही बँक टॅली होते. का होणार नाही? आठ वेळा ११,६०० आले, आठ वेळा ११,६०० जमा केले. बँक रिकन्सिलिएशन ही तपासणी फक्त एका खात्याची असते, बँकेच्या खात्याची. एका पार्टीचे पैसे दुसरीच्या नावावर गेले तर पार्ट्यांच्या खात्यांची एकूण बेरीज तेवढीच राहते. ट्रायल बॅलन्स हसतमुख, मॅनेजर हसतमुख, रिपोर्ट हिरवागार.

चूक बाहेर कुठे येते? त्या नवव्या सोसायटीला रिमाइंडर जातं. मग दुसरं जातं. मग सर्व्हिसचा माणूस फोन करून सांगतो, "सर, ऑफिसातून होल्ड आहे, पेमेंट क्लिअर करा." सातव्या मजल्यावरच्या आजींना जिने चढावे लागतात आणि सेक्रेटरी पासबुकाची झेरॉक्स घेऊन भांडायला येतात. तिकडे ज्या सोसायटीने खरंच पैसे थकवलेत तिच्या खात्यावर शून्य येणे दिसतं, तिला कोणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात हेच पुन्हा, वेगळ्या क्रमाने. सहा महिन्यांनी हा गुंता सोडवायला बसलात तर ९९ टक्क्यांनी वाचवलेले सगळे तास व्याजासकट परत द्यावे लागतात. न जुळलेली ओळ निदान समोर बसून ओरडत असते. चुकीची जुळलेली ओळ गप्प असते, म्हणून ती जास्त महाग.

मग करायचं काय? "सगळं हाताने करा" असं मी अजिबात म्हणत नाही. मी पण इंजिनिअरच आहे, हाताने करायचा आळस जन्मजात आहे. माझं म्हणणं तीन गोष्टींबद्दल आहे.

पहिली गोष्ट, एकमेव असेल तरच जुळवा. नियमाला दोन उमेदवार सापडले तर नियमाने हात वर करायचे.

```sql
SELECT MIN(bill_id) FROM open_bills
WHERE expected_paise = :amt
  AND party_id = :party
HAVING COUNT(*) = 1;
```

आणि ही एकमेवता दोन्ही बाजूंनी हवी. एका ओळीला एकच बिल सापडलं, पण त्याच बिलावर त्या दिवशी दुसरी ओळही हक्क सांगत असेल, तर तीही जुळणी नाही. म्हणून आधी सगळ्या ओळींच्या सगळ्या उमेदवारांची यादी काढायची आणि मग फक्त एकास एक असलेल्या जोड्या बंद करायच्या. ओळी एकामागून एक घेत जागच्या जागी बिलं बंद करत गेलात, तर निकाल फाईलमधल्या क्रमावर अवलंबून राहतो. हे तपासायला सोपं आहे. तीच फाईल ओळी उलटसुलट करून टेस्ट सर्व्हरवर पुन्हा चालवा. जुळण्या बदलल्या तर तुमचे नियम जुळवत नाहीत, वाटप करतात.

दुसऱ्या क्वेरीत `party_id` आलाय तो उगाच नाही. आधी पार्टी ओळखायची, मग बिल शोधायचं. पार्टी ओळखायचे पुरावे वेगवेगळ्या वजनाचे असतात. बिल नंबर किंवा पाठवणाऱ्याचा खाते नंबर हा भक्कम. चेक नंबर त्यापेक्षा हलका, कारण तो सहाच आकड्यांचा असतो आणि दोन सोसायट्यांचे चेक नंबर एकच निघू शकतात. शिवाय मधेच कोणी फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ००४५१२ चा ४५१२ होतो. म्हणून चेक नंबर, रक्कम आणि आपण बँकेत भरणा केल्याची नोंद, तिन्ही एकत्र हवीत. नुसती रक्कम आणि तारीख हा पुरावाच नव्हे. त्यावरून स्क्रीनवर सुचवणी दाखवा, पण पोस्टिंग करू नका.

नॅरेशन वाचताना आणखी एक बारीक भानगड आहे. `:86:` मध्ये जास्तीत जास्त सहा ओळी, प्रत्येक ६५ अक्षरांची. `:61:` मधल्या संदर्भाला जागा १६ अक्षरांची, आणि आरटीजीएसचा यूटीआर असतो २२ अक्षरांचा. म्हणजे तो तिथे मावतच नाही, खाली नॅरेशनमध्ये येतो, आणि नशीब वाईट असेल तर बरोबर ६५व्या अक्षरावर तुटून अर्धा पुढच्या ओळीत जातो. ओळी जोडताना मध्ये स्पेस टाकलीत तर यूटीआर सापडत नाही, नाही टाकलीत तर नावातले शब्द एकमेकांना चिकटतात. उपाय सोपा आहे: दोन्ही प्रकारे जोडून ठेवा, नंबर विनास्पेसच्या प्रतीत शोधा आणि नावं स्पेसवाल्या प्रतीत.

दुसरी गोष्ट, फरक पोटात घालू नका, फरकाचं कारण सांगा. बिल ११,८०० आणि आले ११,६००, तर सरळ जुळत नाही. यावर लोकप्रिय उपाय म्हणजे टॉलरन्स. "अडीचशे रुपयांपर्यंत फरक चालेल" असं सेटिंग करायचं, फरक किरकोळ खर्चात टाकायचा, विषय संपला. आता हिशोब करा. ते २०० रुपये किरकोळ फरक नाहीत, तो तुमच्या नावावर सरकारकडे भरलेला कर आहे. महिन्याला २००, वर्षाला २,४००, आणि अशा साठ सोसायट्या असतील तर १,४४,०००. एवढं येणं वहीत खर्च म्हणून पडून राहणार, आणि वर्षाअखेरीला आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसणारी टीडीएसची जमा वहीशी जुळणार नाही.

बरं, सगळे सेक्रेटरी सारखं कापतात असंही नाही. काही जण टीडीएस न कापता पूर्ण ११,८०० पाठवतात. काही जण जीएसटीसकट सगळ्या रकमेवर २ टक्के कापतात, मग २३६ जातात आणि ११,५६४ येतात. आणि एखादा सेक्रेटरी "दोन दिवस लिफ्ट बंद होती" म्हणून मनाने २२५ कापून ११,५७५ पाठवतो. अडीचशेचा टॉलरन्स या चौघांनाही एकाच पिशवीत भरतो. त्याऐवजी प्रत्येक बिलाच्या अपेक्षित रकमा आधीच काढून ठेवायच्या: ११,८००, ११,६०० आणि ११,५६४. प्रत्येकीला आपलं कारण आणि आपली एंट्री. ११,६०० आले तर बँक ११,६००, टीडीएस येणे २००. ११,५६४ आले तर टीडीएस येणे २३६. आणि ११,५७५ यातल्या कशातच बसत नाही, म्हणून ते माणसासमोर गेलंच पाहिजे, कारण तिथे खरंच एक तक्रार आहे आणि तिचं उत्तर कोणीतरी द्यायला हवं. टॉलरन्सने ती तक्रार गाडली असती.

(रकमा पैशात, पूर्णांक म्हणून ठेवा. दशांशाच्या फ्लोटमध्ये ठेवलेल्या रकमा कधीतरी ०.०१ ने हुलकावणी देतात, आणि मग लोक टॉलरन्स मागायला येतात.)

आता तिसरी ओळ राहिली: ३४,८०० आणि नॅरेशन "3 MONTHS". ३४,८०० म्हणजे ११,६०० गुणिले ३. इथे लोकांमधला अल्गोरिदमवाला जागा होतो. उघड्या बिलांचे सगळे संच तपासा, ज्याची बेरीज जुळेल तो घ्या! ११,६०० ची वीस बिलं उघडी असतील तर त्यातली कुठलीही तीन घेण्याचे ११४० प्रकार आहेत, आणि सगळ्यांची बेरीज बरोबर ३४,८००. म्हणजे बेरीज जुळली याला काडीचीही किंमत नाही. आधी पार्टी ओळखा, खाते नंबरावरून ओळखता आली तर उत्तम. मग त्या एकाच पार्टीच्या उघड्या बिलांत शोधा. तिथे एकसारखी पाच बिलं असतील तर कुठली तीन बंद करायची?

याचं उत्तर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५९ ते ६१. देणेकऱ्याने कुठलं देणं फेडतोय हे सांगितलं असेल आणि तुम्ही पैसे घेतलेत, तर त्याच देण्यापोटी धरायचे. त्याने काही सांगितलं नसेल, तर घेणेकरी ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही, तर जुन्यापासून सुरुवात. मला हे वाचून फार बरं वाटलं. ही तर चक्क नियमांची उतरती भांजणी आहे, `if`, `else if`, `else`. आणि त्यातला पहिला नियम लक्षात घ्या: पैसे देणाऱ्याने जे सांगितलं त्याला मान. सेक्रेटरीने "मार्च सोडून, कारण मार्चच्या बिलावर वाद आहे" असं मेलमध्ये लिहिलं असताना प्रोग्रॅमने जुन्यापासून सुरुवात करून मार्चचं बिल बंद केलं, तर ते नुसतं गैरसोयीचं नाही, चूकच आहे. पार्टीच्या खात्यात "यातलं हे बिल वादात" अशी खूण करायची सोय नसेल तर जुन्यापासूनचा नियम लावूच नका.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दोन कामं वेगळी करा. बँकेची ओळ वहीत घेणं हे एक काम, आणि ते पैसे कुठल्या पार्टीच्या कुठल्या बिलाचे हे ठरवणं दुसरं. पहिलं काम १०० टक्के, रोजच्या रोज, आपोआप व्हायलाच हवं. पैसे आलेत यात शंका नाही, बँक सांगतेय. दुसरं काम पुराव्यानेच व्हायला हवं. पुरावा नसेल तर रक्कम "न लावलेल्या जमा" अशा खात्यात ठेवा. अकाउंट्समध्ये याला सस्पेन्स म्हणतात आणि हे नाव काढलं की मॅनेजर लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण सस्पेन्स असणं हा गुन्हा नाही, सस्पेन्स साचू देणं हा गुन्हा. त्यातल्या प्रत्येक ओळीचं वय मोजा, सात दिवसांवर गेलेली यादी रोज सकाळी एका ठरलेल्या माणसाला पाठवा, आणि त्याने पार्टीला एक फोन करावा. आपली दुसरी ओळ, ती "को-ऑप हाउसिंग सोसायटी लिमिटेड", तिची जागा तिथेच आहे. आणि न लावलेली जमा पडून असताना तेवढ्याच रकमेचं रिमाइंडर आपोआप जाऊ नये, एवढी एक अट घाला. त्या आजींचे जिने वाचतील.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. "मग आपलं ऑटो-मॅच सत्तर टक्क्यांवर येईल!" येईल. पण तो सत्तर खरा असेल. आणि तो वाढवायचा रस्ता नियम ढिले करणं हा नसून पुरावा वाढवणं हा आहे. बऱ्याच बँका व्हर्च्युअल अकाउंट देतात: प्रत्येक सोसायटीला वेगळा खाते नंबर, पैसे सगळे तुमच्या एकाच खात्यात, पण कुठल्या नंबरवर आले ते स्टेटमेंटमध्ये येतं. पार्टी ओळखायचा प्रश्नच मिटतो, फक्त बिलावर जुना नंबर छापायचा बंद करा आणि जुन्या नंबरवर पाठवणाऱ्यांना सहा महिने आठवण करत राहा. एमटी ९४० ऐवजी आयएसओ २००२२ मधलं कॅम्ट ०५३ घेतलंत तर तिथे प्रत्येक माहितीला वेगळा रकाना आहे आणि पाठवणाऱ्याच्या संदर्भाला ३५ अक्षरं मिळतात, तुटातुटीची भानगड संपते. मात्र त्याला जादू समजू नका. सेक्रेटरीने मोबाईलवर शेरा रिकामा सोडला तर एक्सएमएलमध्येसुद्धा तो रकाना व्यवस्थित, देखणा आणि रिकामाच येतो.

मग टक्केवारी ऐवजी मोजायचं काय? चुका मोजा. प्रत्येक जुळणीबरोबर ती कुठल्या नियमाने झाली त्याचा नंबर साठवा. महिन्याला आपोआप जुळलेल्यातल्या शंभर ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचला आणि ज्याने नियम लिहिले नाहीत अशा माणसाकडून मूळ कागदांवरून तपासून घ्या. शंभरात एकही चूक नाही निघाली तरी "शून्य चुका" म्हणू नका. त्यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की चुकांचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांच्या आत आहे. तीनशे तपासून एकही नाही निघाली, तर १ टक्क्याच्या आत. तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचं, इतका सोपा ठोकताळा आहे. एखादा नियम चुकतोय असं दिसलं की त्याचा नंबर साठवलेला असल्यामुळे त्याच्याच सगळ्या जुळण्या उलगडून पुन्हा तपासता येतात. आणि वर्षाअखेरीला एक फुकटची बाहेरची तपासणी मिळतेच: पोर्टलवर कुठल्या सोसायटीने किती टीडीएस भरला ते दिसतं. ज्या सोसायटीचा तिथला आकडा तुमच्या वहीशी जुळत नाही, तिच्या जुळण्या आधी उघडा.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी कोणी डेमोमध्ये "९९ टक्के ऑटो-मॅच" म्हणालं, तर फक्त दोन प्रश्न विचारा. एकाच रकमेची नऊ बिलं उघडी असताना तुमचा प्रोग्रॅम काय करतो? आणि त्या ९९ मधल्या किती जुळण्या शेवटच्या कधी कोणी हाताने तपासल्या? पहिल्या प्रश्नाला "सगळ्यात जुनं उचलतो" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.